इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रातल्या तारखा, पद आणि काम : दुरुस्ती करून घेताना

प्रमाणपत्राची पीडीएफ मेलवर आली आणि मी ती आधी मोबाइलवर आणि मग कॉम्प्युटरवर सावकाश वाचली. नाव बरोबर होतं. त्याखाली लिहिलं होतं, ‘01/06/2025 ते 04/04/2025 या कालावधीत ऑपरेशन्स विभागात इंटर्न म्हणून तीन महिने काम केले. त्याने विविध प्रकल्पांमध्ये मनापासून सहभाग घेतला.’ पुढे शुभेच्छा, सही, शिक्का.

या दोन वाक्यांत इतक्या गोष्टी बिघडल्या होत्या की त्या एकेक करून सांगायला हव्यात. आपल्याकडे तारीख आधी दिवस, मग महिना अशी वाचतात. तशी वाचली तर माझी इंटर्नशिप जूनमध्ये सुरू होऊन त्याआधीच्या एप्रिलमध्ये संपली होती. प्रत्यक्षात कंपनीच्या सिस्टिममध्ये महिना आधी छापला जातो, म्हणजे त्यांना 6 जानेवारी ते 4 एप्रिल म्हणायचं होतं. पण तेही खरं नव्हतं. ऑफर लेटरमध्ये 6 जानेवारी होती. माझी परीक्षा लांबली म्हणून रुजू व्हायची तारीख 13 जानेवारी ठरली आणि तसं मेलवर कळवलेलंही होतं. शेवटी मुदतवाढ मिळून मी 27 जूनपर्यंत काम केलं. म्हणजे सोमवार ते शुक्रवार धरून पूर्ण 24 आठवडे. आमच्या अभ्यासक्रमाला किमान 20 आठवडे लागत होते, आणि प्रमाणपत्रातल्या तारखांप्रमाणे भरत होते 13. हे प्रमाणपत्र आहे तसं कॉलेजात दिलं असतं तर माझं शेवटचं सत्रच अपुरं धरलं गेलं असतं.

पदाचंही तसंच. मी ऑपरेशन्स विभागात घेतलेली इंटर्न होते, पण पहिल्या पाच आठवड्यांनंतर मला सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या टीममध्ये हलवलं होतं आणि पुढचं सगळं काम तिथलंच. प्रमाणपत्रात टेस्टिंग हा शब्दच नव्हता. आणि ‘त्याने’ हे माझ्याआधीच्या कुणा मुलाच्या प्रमाणपत्रातून तसंच राहिलेलं होतं. मला ही खूण फार उपयोगी वाटली. सर्वनाम चुकलेलं दिसलं की समजावं, मजकूर जुन्या फाइलवरून उचललेला आहे आणि त्यातलं दुसरंही काही तपासलेलं नसणार. मग कालावधी, विभाग, मार्गदर्शकाचं नाव, सगळंच पुन्हा वाचायला हवं.

मी लगेच तक्रारीचा मेल लिहिला नाही. आधी या चुका कुठून आल्या असतील ते शोधलं, कारण उगम कळला की दुरुस्ती कुणाकडे मागायची ते कळतं. बहुतेक कंपन्यांत प्रमाणपत्र कुणी बसून लिहीत नाही. एचआरच्या सिस्टिममध्ये आपली नोंद असते: नाव, रुजू झाल्याची तारीख, शेवटची तारीख, विभाग, पद. ती नोंद ठरलेल्या नमुन्यात ओतली जाते, वर लेटरहेड, खाली सही. ही नोंद ऑफर लेटर देताना भरलेली असते. नंतर तारीख बदलली, टीम बदलली, मुदत वाढली, तरी ते मॅनेजर आणि आपल्यामध्ये ठरतं. एचआरच्या नोंदीत ते पोहोचतंच असं नाही. माझ्या बाबतीत तिन्ही बदल त्या नोंदीत चढलेच नव्हते. म्हणून प्रमाणपत्र बरोब्बर ऑफर लेटरसारखं निघालं.

मग पुरावे काढले. ऑफर लेटर माझ्या खासगी मेलवरच आलेलं होतं. रुजू होण्याची नवी तारीख कळवणारा एचआरचा मेलही तिथेच होता. टीम बदलल्याचा आणि मुदतवाढीचा मेल कंपनीच्या पत्त्यावर आला होता. तो पत्ता शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो हे मला एका सीनियरने सांगितलं होतं, म्हणून मी मॅनेजर सरांना आधीच विचारून हे दोन मेल माझ्या खासगी पत्त्यावर त्यांच्याकडूनच मागवून घेतले होते. स्वतः उठून कंपनीचे मेल बाहेर फॉरवर्ड करणं अनेक ठिकाणी नियमाविरुद्ध असतं. सरांनी पाठवले की तो प्रश्न येत नाही. त्याशिवाय हजेरीचा महिनावार उतारा होता आणि स्टायपेंड जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी होत्या. एप्रिल, मे आणि जूनचा स्टायपेंड कंपनीनेच दिलेला आहे, यापेक्षा मुदतवाढीचा पक्का पुरावा कुठला असणार?

मेल लिहिताना एक गोष्ट मुद्दाम केली. ‘प्रमाणपत्रात चुका आहेत, कृपया दुरुस्त करा’ असं मोघम लिहिलं तर वाचणाऱ्याला पुन्हा सगळं शोधावं लागतं, आणि ज्यांच्याकडे दिवसाला असे पन्नास मेल येतात ते लोक तो बाजूला ठेवतात. म्हणून प्रत्येक चुकीसाठी तीनच गोष्टी लिहिल्या: सध्या काय छापलंय, काय हवं, आणि आधार कोणता. मेलचा मुख्य भाग असा होता:

‘सुरुवातीची तारीख: सध्या 01/06/2025. हवी 13 जानेवारी 2025. आधार: रुजू होण्याची नवी तारीख कळवणारा आपला मेल, सोबत जोडला आहे.
शेवटची तारीख: सध्या 04/04/2025. हवी 27 जून 2025. आधार: मुदतवाढीचा मेल आणि एप्रिल ते जूनचा हजेरी उतारा.
कालावधी: सध्या तीन महिने. हवा 24 आठवडे.
काम: सध्या फक्त ऑपरेशन्स. 17 फेब्रुवारीपासून सॉफ्टवेअर टेस्टिंग. आधार: टीम बदलल्याचा मेल.
सर्वनाम: ‘त्याने’ऐवजी ‘तिने’.
विनंती: महिना आकड्यात न छापता अक्षरात छापावा, म्हणजे तारीख उलटी वाचली जाणार नाही.’

मेल एचआरला लिहिला आणि सीसीमध्ये मॅनेजर सरांना ठेवलं. सीसी ठेवलं ते दबाव आणायला नाही. तारखा आणि काम यांची खातरजमा एचआर शेवटी त्यांच्याकडेच करणार होतं, त्यामुळे ते आधीपासून त्या मेलवर असलेले बरे.

एचआरमधल्या मॅडमचा फोन आला. बोलायला त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, ‘अगं, सिस्टिममध्ये तुझी शेवटची तारीख 4 एप्रिलच दिसतेय. पण काळजी करू नकोस, मी वर्डच्या फाइलमध्ये तारखा बदलून तुला नवीन पाठवते.’

इथे थांबणं मला महत्त्वाचं वाटलं. कागदावर बरोबर तारखा आल्या असत्या आणि कॉलेजचं कामही झालं असतं. पण पुढे नोकरी लागली की नवी कंपनी पार्श्वभूमीची पडताळणी करते. बऱ्याचदा ते काम बाहेरच्या एजन्सीकडे असतं. एजन्सी माझ्याकडचं प्रमाणपत्र घेते आणि जुन्या कंपनीच्या एचआरला विचारते, ही व्यक्ती कधीपासून कधीपर्यंत होती, कुठल्या पदावर होती. तिथे बसलेली व्यक्ती सिस्टिम उघडून उत्तर देते. तोपर्यंत या मॅडम कदाचित तिथे नसतील. सिस्टिम म्हणणार 4 एप्रिल, माझा कागद म्हणणार 27 जून, आणि अहवालात लिहिलं जाणार की उमेदवाराने दिलेल्या तारखा जुळत नाहीत. म्हणजे चुकीच्या नोंदीवर बरोबर कागद हा जास्त धोकादायक, कारण तो खोटा दिसतो.

मी मॅडमना हेच समजावून सांगितलं आणि विचारलं, ‘मॅडम, आधी सिस्टिममधली नोंद दुरुस्त करता येईल का? प्रमाणपत्र मग त्यावरूनच काढा, दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.’ त्यांनी मान्य केलं. नोंद बदलायला मॅनेजरची लेखी मंजुरी आणि एचआर प्रमुखांची परवानगी लागते असं सांगितलं. मुदतवाढ मंजूर झाली होती, स्टायपेंडही मॅनेजरच्या मंजुरीवर अकाउंट्सने दिला होता, फक्त एचआरच्या सिस्टिममध्ये ती चढवायची राहिली होती.

मंजुरीच्या मेलबद्दलही एक बोलणं झालं. सरांनी विचारलं, मार्चमधली तारीख टाकून मुदतवाढीचं पत्र करून देऊ का, म्हणजे सगळं नीट दिसेल. मी म्हटलं, नको सर, आजच्याच तारखेने लिहा की मुदतवाढ मार्चमध्ये दिली होती, तेव्हाचा मेल जोडा आणि ती नोंदीत चढवायची राहून गेली एवढंच सांगा. मागची तारीख टाकलेलं पत्र हे घडलं तसं सांगत नाही, आणि मूळ मेल हाताशी असताना त्याची गरजही नव्हती. सरांनी चार ओळींचा मेल केला आणि नोंद दुरुस्त झाली. मी मॅडमना विनंती करून त्या नोंदीतल्या तारखा मेलवर लिहून घेतल्या. स्क्रीनशॉट मागितला नाही, कारण त्यात इतरांची माहिती असू शकते आणि तो देणं त्यांना अवघड गेलं असतं.

पदाचा प्रश्न मात्र असा सुटला नाही. मला ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग इंटर्न’ असं हवं होतं. मॅडमनी सांगितलं की पद बदलता येणार नाही. इंटर्नची जागा ऑपरेशन्सच्या मंजुरीतून भरलेली आहे, नेमणूक त्याच पदावर झाली आणि नेमणुकीचं पद मागे जाऊन बदललं तर तेच चुकीचं ठरेल. विचार केल्यावर मला हे पटलं. कागदावर नेमणूक ऑपरेशन्सची, प्रत्यक्ष काम टेस्टिंगचं, या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग दोन्ही लिहिल्या तर? शेवटी ठरलेलं वाक्य असं: ‘त्यांची नेमणूक इंटर्न (ऑपरेशन्स) या पदावर झाली होती. 13 जानेवारी ते 14 फेब्रुवारी 2025 त्यांनी ग्राहक-साहाय्य गटात आणि 17 फेब्रुवारी ते 27 जून 2025 सॉफ्टवेअर टेस्टिंग गटात काम केले.’ यातून पडताळणी करणाऱ्याला सिस्टिमशी जुळणारं पद मिळतं आणि मुलाखत घेणाऱ्याला खरं काम कळतं. माझ्या बायोडेटातही मी आता पद हेच लिहिते आणि खाली टेस्टिंग गटाचा उल्लेख करते. बायोडेटात एक पद आणि प्रमाणपत्रात दुसरं असलं की तिथेही तोच घोटाळा होतो. ‘त्याने’चा प्रश्नही या मसुद्यात ‘त्यांनी’ने आपोआप मिटला.

कामाच्या वर्णनाला सगळ्यांत जास्त वेळ लागला. कंपनीचं धोरण असं की प्रमाणपत्रात प्रकल्पाचा तपशील देत नाहीत. कारण ग्राहकांशी गोपनीयतेचे करार असतात, आणि कुणाच्या पेमेंट सिस्टिममध्ये कुठले दोष सापडले हे बाहेर जाणाऱ्या कागदावर येऊ नये. हे कारण योग्यच आहे. पण ‘विविध प्रकल्पांमध्ये मनापासून सहभाग’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. मी विचारलं की ग्राहकाचं नाव, प्रॉडक्टचं नाव आणि दोषांची संख्या सोडून फक्त कामाचा प्रकार लिहिला तर चालेल का. मॅडम म्हणाल्या, मसुदा पाठव, सर तपासतील, मग बघू.

मसुदा लिहिताना क्रियापदांवर मी बराच वेळ घालवला. मी स्वतः काय केलं, कुणाबरोबर मिळून काय केलं आणि काय फक्त पाहिलं, हे वेगळं दिसायला हवं होतं. पेमेंट मॉड्यूलसाठी टेस्ट केस मी स्वतः लिहिल्या होत्या. त्या हाताने चालवून दोष जिरा या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवणं आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणं हेही माझंच काम होतं. सेलेनियम या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या टूलमधला ऑटोमेशनचा सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, मात्र टीमने आधीच उभा केला होता. त्यात मी माझ्या रिग्रेशन टेस्ट, म्हणजे नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना हे पाहणाऱ्या टेस्ट, घातल्या. म्हणून मी लिहिलं, ‘पेमेंट मॉड्यूलसाठी टेस्ट केस तयार केल्या, त्या चालवल्या, आढळलेल्या दोषांची नोंद व फेरतपासणी केली. प्रस्थापित ऑटोमेशन फ्रेमवर्कमध्ये रिग्रेशन टेस्टची भर घालण्यास साहाय्य केले.’

सरांनी हा मसुदा परत पाठवला तेव्हा दुसऱ्या वाक्यात ‘साहाय्य केले’ खोडून ‘ऑटोमेशनचे नेतृत्व केले’ असं केलं होतं. माया होती त्यामागे, हे मला माहीत आहे. पण मी त्यांना फोन करून ते परत ‘साहाय्य केले’ करायला सांगितलं. टेस्टिंगच्या मुलाखतीत ‘नेतृत्व’ वाचून पहिला प्रश्न येणार, फ्रेमवर्क कसं रचलं, हीच रचना का निवडली. ते मी निवडलेलंच नव्हतं. छोटं पण खरं वाक्य असेल तर त्यावर अर्धा तास बोलता येतं. सर म्हणाले, ‘बरं, तुझंच ठेवू.’ पुढे कायदा विभागाने फक्त ‘पेमेंट मॉड्यूल’च्या जागी ‘आर्थिक व्यवहारांशी संबंधित मॉड्यूल’ एवढा बदल केला आणि वर्णन मंजूर झालं.

ज्यांच्या कंपनीत हेही चालत नाही, त्यांना दुसरा मार्ग आहे. प्रमाणपत्र नमुन्याप्रमाणेच घ्यावं आणि कामाचं वर्णन मॅनेजरकडून वेगळ्या पत्रावर मागावं. ते पत्र लेटरहेडवर असावं, त्यावर प्रमाणपत्राचा जावक क्रमांक लिहिलेला असावा आणि त्यातल्या तारखा व पद प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळलेले असावेत. माझ्या एका मैत्रिणीच्या कॉलेजने अशी जोडी विनातक्रार घेतली.

आता दुसरी प्रत आली. तारखा बरोबर, महिने अक्षरात, काम बरोबर. पण पीडीएफ उघडल्यावर वरती पट्टी दिसली की सहीमध्ये अडचण आहे. सहीच्या चौकटीवर क्लिक केलं तर लिहिलं होतं की सही केल्यानंतर या दस्तऐवजात बदल झालेला आहे. झालं असं होतं की सही झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, एका ठिकाणी ‘तीन महिने’ तसंच राहिलंय, आणि त्यांनी सही केलेल्या पीडीएफमध्येच तेवढे शब्द बदलले. डिजिटल सही ही नुसतं चित्र नसते. सही करतानाच्या संपूर्ण फाइलशी ती गणिताने बांधलेली असते, त्यामुळे एक अक्षर बदललं तरी पडताळणी फसते. त्यावर उपाय एकच: मूळ फाइलमध्ये दुरुस्ती करून नव्याने सही. याच कारणाने, चूक कितीही किरकोळ असली तरी, आपण स्वतः पीडीएफ एडिटरमध्ये ती कधीही सुधारू नये. तो हेतूने चांगला असला तरी बनावट दस्तऐवज ठरतो, आणि ते उघडही पडतं.

नव्याने सही करायची वेळ आली तेव्हा मी आणखी दोन गोष्टी मागून घेतल्या. पहिली, दुरुस्त प्रमाणपत्रावर आजची तारीख आणि नवा जावक क्रमांक. जुनीच तारीख आणि जुनाच क्रमांक ठेवला तर एकाच क्रमांकाचे दोन वेगळे कागद फिरतात, आणि कुठला खरा हे कुणालाच सांगता येत नाही. दुसरी, खाली एक ओळ: ‘यापूर्वी दिलेले प्रमाणपत्र रद्द समजावे’, आणि त्यापुढे जुना क्रमांक. सुरुवातीला मॅडमना वाटलं की अशी ओळ असली तर माझ्यावरच शंका येईल. मी म्हटलं, उलट कधी जुनी प्रत कुणाच्या हाती लागली तर याच ओळीमुळे उलगडा होईल. त्यांनी ती घातली.

तिसरी प्रत आली ती बरोबर होती. सही वैध दिसत होती, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा होता, इंटर्नशिपची शेवटची तारीख 27 जून आणि प्रमाणपत्राची तारीख त्यानंतरची. हा क्रमही पाहायलाच हवा. इंटर्नशिप संपायच्या आधीच्या तारखेचं प्रमाणपत्र असेल तर ‘काम पूर्ण केले’ हे वाक्य लिहिलं तेव्हा खरं नव्हतं, असा आक्षेप कॉलेजं घेतात. नाव मी गुणपत्रिकेशी शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवलं, मधल्या नावासकट.

ही फाइल मी जशी आली तशीच ठेवली आहे. ती पुन्हा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केली किंवा स्कॅन केली तर दिसायला तीच दिसते, पण डिजिटल सही निघून जाते आणि उरतं फक्त सहीचं चित्र. कॉलेजला छापील प्रत हवी होती, ती दिली आणि मूळ फाइल मार्गदर्शक मॅडमना मेल केली. त्यांनी इंटर्नशिपच्या डायरीतल्या आठवडावार नोंदी प्रमाणपत्राशी पडताळल्या. डायरीत 17 फेब्रुवारीपासून टेस्टिंगच्या नोंदी होत्या आणि प्रमाणपत्रातही तीच तारीख, त्यामुळे त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

हे सगळं सोपं गेलं याचं मोठं कारण म्हणजे सर अजून कंपनीत होते. महिन्याभरात त्यांनी नोकरी बदलली. ते गेल्यावर मुदतवाढीची खातरजमा कुणी केली असती हे मला खरंच सांगता येत नाही. म्हणून माझ्यामागे आलेल्या मुलामुलींना मी सांगते की शेवटच्या आठवड्यातच एचआरकडून प्रमाणपत्राचा कच्चा मसुदा मागा, सहीच्या आधी. तारखा ऑफर लेटरशी नको, हजेरीशी ताडून पाहा. मुदतवाढ किंवा टीमबदल झाला असेल तर तो ज्या दिवशी होतो त्याच दिवशी एचआरला सीसीमध्ये ठेवून एक मेल करायला मॅनेजरना सांगा. मसुद्यातली चूक पाच मिनिटांत सुधारते. सही झाल्यावर त्याच चुकीला मंजुरी, नवा क्रमांक, नवी सही आणि तीन विभाग लागतात.

पुढे मला नोकरी लागली तेव्हा पडताळणी झाली. एजन्सीने प्रमाणपत्र, त्याचा क्रमांक आणि एचआरचा अधिकृत मेल पत्ता मागितला. मी माझ्या ओळखीच्या मॅडमचा दिला नाही, विभागाचा सामायिक पत्ता दिला. उत्तर कुणी दिलं मला माहीत नाही. अहवालात लिहिलं होतं: 13 जानेवारी 2025 ते 27 जून 2025, इंटर्न (ऑपरेशन्स), तपशील जुळतो.